स्नेहभोजनात संघटनेच्या अध्यक्षांची ओळख करून देताना

अर्धापुरातल्या एखाद्या मंगल कार्यालयात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरलेला असतो. कुणी नांदेडहून आलेलं असतं, कुणी पुण्याहून रात्रीच्या गाडीने. आत भाकरी, येसर आमटी आणि वांग्याची भाजी गरम होत असते. सूत्रसंचालक म्हणतो, “आता संघटनेच्या अध्यक्षांचा परिचय”, आणि कागद घेऊन उभा राहिलेला माणूस जन्मगाव, शिक्षण, पदं, पुरस्कार असं वाचायला लागतो. दुसऱ्या मिनिटाला मागच्या रांगा आपापसात बोलू लागतात. अध्यक्षांनी कॉलेजात काय केलं आणि आज ते काय करतात, या दोन गोष्टी एका धाग्यात आल्या तर हेच लोक कान देऊन ऐकतात. हा धागा हाताशी कसा येतो, ते इथे क्रमाने लिहितो.

पहिलं काम पदाबद्दलचा गोंधळ मिटवण्याचं. आपल्याकडे प्रत्येक कार्यक्रमाला एक अध्यक्ष असतो. बहुधा तो संस्थेचा पदाधिकारी किंवा प्राचार्य असतो आणि शेवटचं भाषण त्याचं असतं. माजी विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष ही वेगळी व्यक्ती. व्यासपीठावर दोघेही बसलेले असतात आणि वक्ता नुसतं “आपले अध्यक्ष” म्हणाला की अर्धं सभागृह चुकीच्या खुर्चीकडे पाहतं. म्हणून कागदावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत “संघटनेचे अध्यक्ष” असंच लिहावं. संघटना नोंदणीकृत असेल आणि निवड नुकतीच झाली असेल, तर बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात गेला आहे का, हे सचिवांना विचारून घ्यावं. कार्यकारिणी बदलल्यावर तो 90 दिवसांत द्यावा लागतो. अर्ज अजून मंजूर नसला तरी ओळख करून द्यायला अडचण नाही, पण छापील पत्रिकेतलं पद आणि तुमच्या तोंडचं पद एकच असलं पाहिजे.

दुसरं काम आठवण मिळवण्याचं, आणि सगळ्यात जास्त वेळ याच कामाला द्यावा. मेळाव्याच्या पंधरा-वीस दिवस आधी अध्यक्षांना फोन करावा. “कॉलेजच्या काही आठवणी सांगा” असं विचारलं की “ते दिवसच वेगळे होते” असं उत्तर येतं, आणि त्या उत्तराचा व्यासपीठावर काही उपयोग नसतो. त्याऐवजी असं विचारावं: कॉलेजला कशाने यायचात? कोणता तास बुडायचा आणि का? एखादी गोष्ट बदलून घ्यायला कुणाकडे गेला होतात का? या प्रश्नांतून गाडीची वेळ, खोलीचं भाडं, ग्रंथालयातलं कार्ड असे तपशील बाहेर येतात. मग त्याच प्रसंगाबद्दल त्यांच्या वर्गातल्या एक-दोघांना आणि जमलं तर त्या काळच्या ग्रंथालयातल्या किंवा कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला विचारावं. कार्यालयातल्या माणसाला अनेकदा प्राध्यापकांपेक्षा जास्त आठवतं, कारण फी, पास आणि दाखले त्याच्याच खिडकीतून गेलेले असतात. तीन जणांच्या सांगण्यात जेवढं जुळतं, तेवढंच कागदावर घ्यावं.

आलेली आठवण तारखांशी ताडून पाहावी. मराठवाड्यात हे फार महत्त्वाचं आहे, कारण इथल्या संस्थांची आणि जिल्ह्यांची नावं आपल्या डोळ्यांदेखत बदलली आहेत. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी स्थापन झालं. त्याआधी नांदेडमध्ये पदवी घेतलेल्यांच्या प्रमाणपत्रावर औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचं नाव असतं, आणि त्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला तोही 14 जानेवारी 1994 रोजी. म्हणजे 1991 च्या पदवीधराला “आपल्या नांदेड विद्यापीठाचे पदवीधर” म्हटलं की समोरच्या प्रत्येक वर्गमित्राला चूक कळते. लातूर जिल्हा 1982 साली वेगळा झाला, हिंगोली 1999 साली. वसमतहून 1990 साली आलेला विद्यार्थी हिंगोली जिल्ह्यातला नव्हता, परभणीतला होता. पीपल्स कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांत नरहर कुरुंदकरांची आठवण निघतेच, आणि निघावीच. पण कुरुंदकर फेब्रुवारी 1982 मध्ये गेले. 1985 साली प्रवेश घेतलेला माणूस त्यांच्या तासाला बसलेला असणं शक्य नाही. त्याने त्यांच्याबद्दल मोठ्या भावाकडून ऐकलं असेल, पुस्तकांतून त्यांना ओळखलं असेल. तसं असेल तर तसंच सांगावं, ते ऐकायला कमी गोड वाटत नाही.

तिसरं काम पुलाचं. आठवण एका बाजूला, आजचं काम दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये “तेव्हापासूनच त्यांच्यात नेतृत्वगुण होते” असं वाक्य घातलं की पूल झाला, असं बहुतेकांना वाटतं. तो होत नाही, कारण ते वाक्य कुणालाही लागू पडतं. पूल म्हणजे तेव्हाही आणि आताही हातून होणारी एक कृती. तेव्हा माणूस काय करत होता हे क्रियापदात लिहावं आणि आज काय करतो तेही क्रियापदात लिहावं. दोन्ही क्रियापदं जुळली तर पूल आहे. जुळली नाहीत तर आठवण बदलावी, मारून मुटकून जुळवू नये.

एक नमुना घेऊ. व्यक्ती कल्पित आहे, पण अशी माणसं या भागात भेटतात. संघटनेच्या अध्यक्ष अर्धापूर परिसरातल्या. वडिलांची शेती ईसापूर धरणाच्या कालव्यावरची, केळी आणि हळद. नांदेडच्या कॉलेजात रोज एसटीने ये-जा, 1991 साली बीएस्सी. आज केळी उत्पादकांची कंपनी चालवतात. फोनवर त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: स्नेहसंमेलनातलं नाटक, प्रयोगशाळेत फुटलेली काचनळी आणि एसटीच्या वेळेवरून आगारात घातलेली खेप. नाटक सगळ्यांना आठवतं, म्हणून मोह त्याचाच होतो. पण नाटकाचा आजच्या कामाशी काही संबंध लागत नाही. काचनळीवर लोक हसतील आणि गोष्ट तिथेच थांबेल. एसटीच्या प्रसंगात त्यांनी आधी मोजलं, मग लिहिलं, मग मागितलं. कंपनीतही त्या हेच करतात. म्हणून एसटी निवडायची आणि बाकीच्या दोन गोष्टी जेवणाच्या पंगतीसाठी सोडून द्यायच्या. मजकूर असा होईल:

“1990 च्या पावसाळ्यात आपला शेवटचा तास चारला सुटायचा आणि अर्धापूरची एसटी पावणेचारला निघायची. अर्धापूर, मालेगावकडच्या मुली अर्धा तास ऐकून पिशवी उचलायच्या. रसायनशास्त्राचे सर रागवायचे आणि मुली खाली मान घालून निघून जायच्या. त्यांच्यातल्या एकीने महिनाभर वहीच्या शेवटच्या पानावर रोज किती मुली तासातून उठल्या ते लिहिलं. ते पान घेऊन ती दोन मैत्रिणींसह नांदेडच्या आगारात गेली. दिवाळीनंतर गाडी सव्वाचारला सुटू लागली. आज इथे बसलेल्या काही जणींचा तो तास तिच्यामुळे पूर्ण झाला.

ती मुलगी आज अर्धापूर भागातल्या केळी उत्पादकांची कंपनी चालवते. घड कापल्यावर वजन कुठे झालं, गाडी किती वाजता भरली, भाव कोणत्या दिवसाचा लागला, हे तिथे रोज लिहिलं जातं. व्यापाऱ्याशी बोलायला त्या ती वही घेऊन जातात. आणि गेल्या वर्षी आपल्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर बाहेरगावाहून येणाऱ्या मुलींच्या गाड्यांच्या वेळा कॉलेजच्या वेळापत्रकाशेजारी मांडून प्राचार्यांपुढे ठेवल्या.

संघटनेच्या अध्यक्षांना मी बोलण्याची विनंती करते.”

शेवटच्या वाक्यात व्यक्तीचं पूर्ण नाव येईल. नाव मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. ऐकणारे पहिल्या परिच्छेदातच ओळखू लागतात, एकमेकांकडे पाहतात, आणि नाव आलं की टाळी आपोआप पडते. “ती मुलगी” पासून “त्या” पर्यंतचा प्रवासही मुद्दाम आहे. आठवणीत एकेरी आणि आजच्या कामात आदरार्थी. वर्गमैत्रीण असलात आणि घरी “अगं” म्हणत असलात, तरी दुसऱ्या परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यानंतर एकेरी नको. समोर त्यांची सून आणि कंपनीतली माणसं बसलेली असतात. शिकवलेले प्राध्यापक हयात असतील तर “सर रागवायचे” हे वाक्य त्यांना आधी वाचून दाखवावं.

हा मजकूर साधारण एकशे तीस शब्दांचा आहे. माइकवर सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात, म्हणजे दोन मिनिटांच्या आत तो संपतो. जेवणाआधी तीन मिनिटांपेक्षा जास्त घेऊ नयेत. पदव्या आणि पुरस्कार सांगायचेच असतील तर मानपत्रात किंवा स्मरणिकेत छापावेत.

काही गोष्टी कागदावरून मुद्दाम काढाव्यात. जातीवरून किंवा शरीरावरून पडलेली टोपणनावं, तेव्हा कितीही हसत घेतली असली तरी. कुणाचं नापास होणं, स्वतः त्या व्यक्तीने सांगायला परवानगी दिली नसेल तर. वारलेल्या वर्गमित्राचा उल्लेख परिचयात नको, त्याला श्रद्धांजलीची वेगळी वेळ द्यावी, कारण तिथून पुन्हा टाळीकडे येता येत नाही. कुठल्या पक्षाचं पद असेल तर तेही ओळखीत घेऊ नये. नांदेडच्या सभागृहात सगळ्या पक्षांची माणसं एका पंगतीला बसतात. आणि अध्यक्ष अमुक रक्कम देणार आहेत, असं तुम्ही जाहीर करू नये. ते कार्यकारिणीने ठरवून, त्यांच्याच तोंडून यावं.

मजकूर तयार झाला की दोघांना दाखवावा. पहिले स्वतः अध्यक्ष. पूर्ण मजकूर नको, फक्त कोणता प्रसंग सांगणार आहात ते. नको म्हणाले तर दुसरा शोधावा. दुसरे प्रास्ताविक करणारे. बहुतेक मेळाव्यांत घोटाळा इथेच होतो. प्रास्ताविकात एसटीचा किस्सा येऊन गेला की तुमच्या कागदात काही उरत नाही. कॉलेजचा इतिहास आणि संघटनेचा हिशेब त्यांनी घ्यावा, व्यक्ती तुम्ही घ्यावी. सूत्रसंचालकांना सांगून ठेवावं की परिचय आधी, शाल-श्रीफळ नंतर आणि लगेच मनोगत. सत्कार आधी झाला तर छायाचित्रं काढणाऱ्यांच्या गर्दीत परिचय वाहून जातो.

त्या दिवशी कागद मोठ्या अक्षरात, एकाच बाजूने लिहिलेला असावा. वीज गेली, जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, तर मोबाइलच्या उजेडातही वाचता आला पाहिजे. पहिलं वाक्य पाठ करावं, म्हणजे सुरुवात करताना मान वर असते. व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं पुन्हा घेऊ नयेत, ती आधीच घेऊन झालेली असतात. “ज्यांना परिचयाची गरज नाही” हे वाक्य टाळावं. नवीन तुकड्यांतली मुलं बसलेली असतात आणि त्यांना खरंच माहीत नसतं.

नाव उच्चारल्यावर माइकपासून एक पाऊल मागे व्हावं आणि अध्यक्ष येईपर्यंत तिथेच थांबावं. त्या येऊन म्हणाल्या, “गाडी सव्वाचारला नाही, साडेचारला झाली होती”, तर हसून मान हलवावी, व्यासपीठावर खुलासा करू नये. दुसऱ्या दिवशी संघटनेच्या इतिवृत्तात साडेचार लिहावं.