प्रेसनोट लिहिता येणाऱ्या मुलाला काम आहे

बारावीनंतर मुलगा पत्रकारितेला जातो म्हणाला की घरात पहिला प्रश्न येतो, पोट भरेल का? नुसत्या बातमीदारीवर जिल्ह्याच्या ठिकाणी पोट भरणं अवघड आहे, हे खरंच. पण बीडसारख्या जिल्ह्यात तेलघाणे, डाळमिल, बचत गट आणि शेतकरी कंपन्या वाढत आहेत. त्यांना आपली बातमी नीट लिहून वर्तमानपत्रापर्यंत पोचवणारं माणूस मिळत नाही. बी.कॉम. किंवा कृषी पदविका करता करता हे काम शिकता येतं. ते शिकायचं कसं, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, नारायणगडाजवळच्या एका महिला बचत गटानं या हंगामात एक टन सीताफळाचा गर काढून पुण्यातल्या आइस्क्रीमवाल्याला विकला. गटाची ही पहिली मोठी विक्री. आपल्याकडे त्याची प्रेसनोट बहुतेक वेळा अशी सुरू होते : ‘परमपूज्य अमुक महाराजांच्या कृपाशीर्वादाने व तमुक साहेबांच्या प्रमुख उपस्थितीत...’ पाहुण्यांची नावं संपेपर्यंत अर्धं पान भरतं आणि सीताफळ येतं शेवटच्या ओळीत. जिल्हा पानावर जागा कमी पडली की उपसंपादक मजकूर खालून कापतो. म्हणजे पाहुणे छापून येतात, गर कापला जातो.

तीच बातमी अशी लिहा : ‘नारायणगड, दि. २० : येथील महिला बचत गटाने यंदाच्या हंगामात एक टन सीताफळाचा गर पुण्यातील आइस्क्रीम उत्पादकाला विकला. गटाची ही पहिलीच मोठी विक्री आहे.’ पुढच्या दोन वाक्यांत गटात किती जणी आहेत, फळ कोणत्या गावांतून आलं, गर उणे अठरा अंशांवर कुठे साठवला, एवढं येऊ द्या. मग अध्यक्षांचं एक वाक्य, त्यांनी खरोखर उच्चारलेलं. पाहुण्यांना शेवटची ओळ. दीडशे शब्दांत सगळं बसतं. खाली नाव आणि फोन द्या, कारण बातमीदार खात्री करायला फोन करतो. तो फोन उचलला नाही तर बातमी त्या दिवशी तरी गेलीच.

दावे जपून करा. ‘जिल्ह्यातील पहिलाच प्रकल्प’ असं लिहिण्याआधी तसं खरंच आहे का, हे पाहा; दुसऱ्या दिवशी शेजारच्या तालुक्यातून कुणीतरी खुलासा पाठवतोच. प्रमाणपत्र नसेल तर ‘सेंद्रिय’ लिहू नका. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण म्हणून प्रत्येकाला त्याचं बोधचिन्ह लावता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी लागते.

पाठवण्यातही बरीच मुलं फसतात. लेटरहेडचा फोटो पाठवला तर कुणाला तरी तो पुन्हा टाइप करावा लागतो, आणि संध्याकाळी तेवढा वेळ कुणाकडेच नसतो. मजकूर युनिकोडमध्ये, थेट ईमेलमध्ये चिकटवून पाठवा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून टाका, नाहीतर तो दाबला जाऊन छपाईच्या लायकीचा राहत नाही. ओळीत कोण कोण आहे ते ‘डावीकडून’ या क्रमानं लिहा. हे सगळं दुपारपर्यंत गेलं पाहिजे.

दिवसही बघून निवडा. सीताफळाचा हंगाम आणि दसरा जवळपास एकत्र येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये नारायणगडावर मनोज जरांगे पाटील यांचा दसरा मेळावा झाला. अशा आठवड्यात जिल्हा पानावर एक टन गराला कोण जागा देणार? आषाढीलाही तेच. चार-पाच दिवस थांबलं तर बिघडत नाही.

झुंजार नेता किंवा लोकमतच्या बीड पानाला जे चालतं ते अ‍ॅग्रोवनला जसंच्या तसं चालत नाही. तिथला वाचक स्वतः शेतकरी किंवा प्रक्रिया उद्योजक असतो. उद्घाटन कुणी केलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. किती किलो फळातून किती गर निघाला, बी कशी वेगळी केली, गर काळा पडू नये म्हणून काय केलं, भाव काय मिळाला, हे त्याला हवं असतं. म्हणून त्यांच्यासाठी वेगळी नोट करा. मासिक असेल तर ती बरीच आधी पाठवा, कारण अंकाची जुळणी आधीच सुरू होते. किर्लोस्करांनी १९२० मध्ये कारखान्याची खबर ग्राहकांना देण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं आणि त्यातूनच पुढे मराठीतलं एक मोठं मासिक उभं राहिलं. कारखान्याच्या बातम्याही आवडीनं वाचल्या जातात; फक्त त्यात वाचकाच्या कामाचं काही हवं.

कधी कुणी बातमीच्या बदल्यात जाहिरात मागतो. जाहिरात द्यायची तर पावती घेऊन, जाहिरात म्हणूनच द्या. बातमीसाठी पैसे देऊ नका.

पालकांनी एवढंच करावं : या हंगामात ओळखीतला एक खरा व्यवसाय मुलाला गाठून द्यावा, आणि नोट त्यालाच लिहू द्यावी. छापून आलं तर कात्रण तारखेसह जपून ठेवा, पुढचं काम मागताना दाखवायला तेच लागतं. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी एकच फोन करा, तोही सकाळी. संध्याकाळी पान लागत असताना कुणी बोलत नाही.