आधी कल काढावा, मग कंप

मोबाइलमधील सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारी चिप, संपूर्ण चौकट एकाच क्षणी वाचत नाही, तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीओळीने वाचत जातो, आणि या पद्धतीला रोलिंग शटर म्हणतात. एका चौकटीच्या वाचनाला २० मिलिसेकंद लागतात असे धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यात सुमारे ३३ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. म्हणून बाजूच्या खिडकीतून आडव्या मोबाइलने टिपलेला पाच मीटरवरचा विजेचा खांब पाचेक अंशांनी कललेला दिसतो, मात्र त्यामागचा डोंगर सरळच राहतो. शटरचा वेग वाढवून हा दोष जात नाही, कारण ओळी वाचण्याचा वेग तोच राहतो. उलट हालचालीचा पुसटपणा कमी झाल्याने तो अधिकच ठसठशीत होतो.

दुरुस्तीपूर्वी चित्रण थांबवून एखादी उभी कड न्याहाळावी. ती तिरकी पण सरळ असेल, तर दोष एकसारख्या गतीचा असून बराचसा निघतो. ती नागमोडी असेल, तर एका चौकटीच्या अवधीतच कॅमेरा थरथरला आहे, असे समजावे.

पहिल्या प्रकारात सर्वाधिक नुकसान क्रम चुकल्याने होते. चित्रण आधी स्थिर केले, म्हणजे धक्के काढण्यासाठी प्रत्येक चौकट सरकवली, फिरवली आणि कापली, की कोणती ओळ केव्हा वाचली गेली हा हिशेब बिघडतो, आणि धक्क्यांआड दडलेली लवलव उघडी पडते. म्हणून आफ्टर इफेक्ट्समध्ये Rolling Shutter Repair हा इफेक्ट मूळ, न कापलेल्या चित्रणावर प्रथम लावावा. त्यातील Rolling Shutter Rate म्हणजे चौकटीच्या एकूण अवधीपैकी वाचनात गेलेला वाटा: सेकंदाला ३० चौकटींच्या चित्रणात एक चौकट सुमारे ३३ मिलिसेकंदांची असते, म्हणून वरील उदाहरणात तो ६० टक्के येतो. वाचनाचा काळ ठाऊक नसल्यास कड उभी होईपर्यंत आकडा बदलत जावा. मोबाइल उभा धरलेला असल्यास वाचनाची दिशाही बदलून पाहावी. जवळचा खांब आणि दूरचा डोंगर एकाच मापाने सरळ होत नाहीत, तेव्हा प्रत्येक बिंदूची गती वेगळी मोजणारी Pixel Motion पद्धत वापरता येते, मात्र तीत खांबाच्या कडा फाटलेल्या दिसू शकतात, आणि तसे झाल्यास थोडा कल राहू दिलेला बरा.

नागमोडी कडेपुढे ही साधने थिटी पडतात, कारण ती शेजारच्या चौकटींच्या तुलनेवरून गतीचा अंदाज बांधतात आणि दोन चौकटींमधली थरथर त्यांना दिसतच नाही. जायरोस्कोपची, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या संवेदकाची, नोंद चित्रणाबरोबर साठवली असेल, तर जायरोफ्लो ही मोफत आज्ञावली ओळीओळीची दुरुस्ती करते. अशी नोंद नसलेल्या जुन्या चित्रणातून कमी थरथरलेले तुकडे तेवढे निवडावे लागतात.