अवेळी दिसणारा डाग : आर्तव की गर्भरोपणाचा स्राव?

गणेशचतुर्थी जवळ आली की मालवण किनारपट्टीतील आपल्या चिकित्सालयांत व औषधी दुकानांत पाळीविषयीची विचारणा वाढते. कोणाला पाळी पुढे ढकलावयाची असते, तर कोणाला ती सणापूर्वी उरकून घ्यावयाची असते. या दुसऱ्या मागणीत कधी कधी एक गर्भ दडलेला असतो.

सन २०२४ मधील एक प्रसंग पाहू. सत्तावीस वर्षांची विवाहिता २९ ऑगस्टला आली. चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. आदल्या दिवशी अंगावर थोडेसे दिसले, पण 'नीट जात नाही', अशी तिची तक्रार. "चवथीच्या आधी माका मोकळी करा," एवढेच तिचे मागणे. दुकानातून रजःप्रवर्तिनी वटी घ्यावी, असे शेजारणीने सुचविलेलेच होते.

अशा वेळी पहिला प्रश्न रंगाचा नव्हे, तिथीचा विचारावा. तिची मागील पाळी २ ऑगस्टला आलेली होती व चक्र नियमाने तीस दिवसांचे. म्हणजे पुढील पाळी १ सप्टेंबरला अपेक्षित. बीजोत्सर्ग साधारणतः पुढील पाळीच्या चौदा दिवस आधी होतो. त्या हिशेबाने तो १८ ऑगस्टच्या सुमारास झाला असावा. पती मुंबईस नोकरीला. स्वातंत्र्यदिनास जोडून आलेला तो १९ तारखेची नारळी पौर्णिमा करून परतला. डाग दिसला तो २८ तारखेस, बीजोत्सर्गानंतर सुमारे दहाव्या दिवशी. गर्भ गर्भाशयाच्या अंतःस्तरात रुजतो तो बहुधा आठव्या ते दहाव्या दिवशी, क्वचित सहाव्या वा बाराव्या. तारीख जुळत होती.

त्यानंतर प्रमाण. स्राव दोन दिवस, पुसताना दिसण्याइतका. एकही घडी भिजली नव्हती. पाळी प्रायः थोडी सुरू होते, पण दुसऱ्या दिवशी वाढते आणि तीन ते पाच दिवस चालते. गर्भरोपणाचा स्राव वाढत नाही. काही तासांत वा एक-दोन दिवसांत थांबतो. म्हणून पहिल्या दिवशी निर्णय देण्यापेक्षा दुसरा दिवस पाहावा.

रंगाला मी शेवटचे स्थान देतो. तिचा डाग तपकिरी होता. चरकांनी शुद्ध आर्तवास गुंजाफळाची व अलक्तकाची उपमा दिली आहे, त्यामुळे फिकट गुलाबी वा तपकिरी डाग पाहताच 'हे आर्तव नव्हे' असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तपकिरीपणा म्हणजे रक्त हळू उतरले इतकेच; पाळीच्या आरंभी व शेवटीही तोच रंग दिसतो. सुश्रुतांनी सांगितलेली सद्योगृहीतगर्भेची लक्षणे, श्रम, ग्लानी, तहान, मांड्यांचे शैथिल्य, विचारावीत. पण पाळीपूर्वीही थकवा असतोच.

'गर्भरोपणाचा स्राव' ही संज्ञाही जपून वापरावी. सन २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १५१ गर्भवतींनी रोज नोंद ठेवली होती. त्यांपैकी १४ जणींना पहिल्या आठ आठवड्यांत स्राव झाला. तो गर्भ रुजण्याच्या नेमक्या दिवशी क्वचितच होता, बहुधा पाळीच्या अपेक्षित दिवसांच्या आसपास होता. म्हणजे पाळीच्या तारखेला आलेला अल्प स्रावही गर्भ नसल्याचा पुरावा नव्हे.

२९ तारखेस केलेली मूत्रपरीक्षा नकारात्मक आली. येथेच घात होतो. गर्भ रुजल्यानंतरच संबंधित संप्रेरक वाढू लागते. ते मूत्रात दिसण्यास काही दिवस लागतात. म्हणून वटी दिली नाही. हिराकस, टंकण, हिंग व कोरफडीचा घनरस यांचा हा योग संशयित गर्भावस्थेत वर्ज्यच. हीच गोष्ट दुकानदार बंधूंनी ध्यानात ठेवावी: विवाहितेने 'पाळी कमी गेली' म्हणून मागितल्यास वटीऐवजी परीक्षेची पट्टी आधी द्यावी.

१ सप्टेंबरला पाळी आली नाही. ५ सप्टेंबरच्या सकाळच्या पहिल्या मूत्रावर दोन रेषा स्पष्ट उमटल्या. गर्भकाल मोजावयाचा तो २ ऑगस्टपासून. प्रसूतीची अपेक्षित तारीख ९ मे. २८ ऑगस्टचा डाग पाळी धरला असता तर ती ४ जून झाली असती, आणि सव्वीस दिवसांची ही चूक पुढे गर्भ वयाच्या मानाने मोठा असल्याचा खोटा संशय निर्माण करती.

सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करविली. गर्भ गर्भाशयातच होता व स्पंदन दिसले. हा आग्रह एका कारणासाठी. गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भातही असाच थोडा, तपकिरी स्राव होतो. परीक्षा सकारात्मक आणि ओटीपोटात एका बाजूस वेदना, खांदा दुखणे वा भोवळ यांपैकी काहीही असल्यास सातव्या आठवड्याची वाट पाहू नये, औषधही देऊ नये. रुग्णेस त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. किनाऱ्यावरील गावातून तेथवर पोहोचण्यास लागणारा वेळही हिशेबात धरावा.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या आहेत का, हे मात्र आरंभीच विचारावे. त्या बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत स्राव येतो, मधे चुकल्यास डाग पडतात, आणि मग वरील तारखांचा हिशेब लागू पडत नाही. तेथे मूत्रपरीक्षा, व आठवड्याने पुन्हा मूत्रपरीक्षा, हाच मार्ग.