पांडुरोगाची सात चित्रे : ग्रामीण महिला शिबिरासाठी स्लाइड्सची आखणी

ठाणे जिल्ह्यातील शहापूर, मुरबाड, भिवंडी आणि कल्याण या तालुक्यांच्या गावांत आपल्यापैकी अनेक वैद्य आरोग्य शिबिरे घेतात. शिबिरात रक्तक्षयावर व्याख्यान असते, पडद्यावर स्लाइड्स असतात, शेवटी चूर्णाच्या पुड्या वाटल्या जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे समोर बसलेल्या दोघींपैकी एकीचा हा प्रश्न आहे असे धरूनच बोलावे लागते. परंतु स्लाइडवरील चित्र त्या स्त्रीला जे सांगते, ते आपण सांगू इच्छितो तेच असते काय, हे आपण क्वचितच तपासतो. प्रस्तुत लेखात मुरबाड तालुक्यातील एका वाडीवर वापरलेल्या सात स्लाइड्सचा संच, त्यांतील चुका आणि त्या कशा दुरुस्त केल्या, याचा विचार केला आहे.

प्रथम तपासणीची रीत सांगतो. शिबिराच्या आठवडाभर आधी चित्रे मोठ्या कागदावर छापून वाडीवर न्यावीत आणि दहा स्त्रियांना, एकेकीला वेगळे बसवून, दाखवावीत. गटात विचारल्यास पहिली जे बोलते तेच उरलेल्या बोलतात. आपण काहीही न सांगता दोनच प्रश्न विचारावेत : या चित्रात काय दिसते? आणि हे काय करायला सांगते? दहांपैकी तिघींनी वेगळा अर्थ लावला तर दोष चित्राचा, स्त्रियांचा नव्हे. हेच कागद शिबिराच्या दिवशीही उपयोगी पडतात. कारण दुपारी समाजमंदिरात पुरेसा अंधार होत नाही आणि विजेचा भरवसा नसतो.

पहिली स्लाइड लक्षणांची. चरकाचार्यांनी पांडूच्या लक्षणांत आरोहणायास आणि पिंडिकोद्वेष्टन सांगितले आहे. चढण चढताना लागणारी धाप आणि पोटऱ्यांतील वेदना या स्त्रियांना रोज अनुभवास येतात. आम्ही आधी डोक्याला हात लावून बसलेली स्त्री काढली होती. बहुतेकींनी तिचे डोके दुखते किंवा घरात भांडण झाले आहे, असे सांगितले. नंतर डोक्यावर हंडा घेतलेली, टेकाडावर मध्येच थांबून कमरेवर हात ठेवलेली स्त्री काढली. ‘धाप लागलीय तिला’ हे उत्तर लगेच आले. चित्र एकच, क्रिया एकच, आणि व्यक्ती डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण. नुसता हात, नुसता डोळा, नुसते पोट असे तुटलेले अवयव ओळखणे सवय नसलेल्या नजरेला कठीण जाते.

म्हणूनच दुसऱ्या स्लाइडवर नुसता डोळा न दाखवता आरसा घेऊन खालची पापणी ओढणारी पूर्ण स्त्री दाखविली. येथे एक सापळा आहे. शेजारी शेजारी लाल पापणी आणि फिकी पापणी दाखवावी असे सर्वांनाच वाटते. परंतु प्रोजेक्टरचा दिवा जुना असेल किंवा खोलीत उजेड असेल तर दोन्ही फिक्याच दिसतात, आणि धडधाकट स्त्री घाबरते. स्लाइडने कुठे पाहायचे एवढेच सांगावे. रंगाची तुलना पडद्यावर नको, शेजारणीच्या पापणीशी आणि तळहाताशी करवावी. हेही स्पष्ट सांगावे की सौम्य रक्तक्षय पापणीवरून कळत नाही. पापणी लाल दिसली तरी बोटातून रक्त घेऊन हिमोग्लोबिन पाहिलेच पाहिजे. ते घेताना बोट पिळू नये. पिळल्याने ऊतींतील द्रव मिसळून आकडा खोटा कमी येतो. पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा.

तिसरी स्लाइड पाळीची. अंगावरून जास्त जाणे हे रक्तक्षयाचे मोठे कारण, तरी शिबिरात ते सर्वांत कमी बोलले जाते. आमच्याकडे लॅपटॉप चालविणारा गावातलाच एक तरुण होता. तो खोलीत असेपर्यंत एकही बाई बोलली नाही. आता ही स्लाइड येण्यापूर्वी सर्व पुरुष बाहेर जातात, लेखकही. वैद्य भगिनी किंवा आशाताई पुढचा भाग घेतात. चित्र साधे आहे : दोरीवर वाळत घातलेल्या घड्या, एका दोरीवर चार, दुसरीवर बारा. सात दिवसांहून जास्त चालणारी पाळी, रात्री उठून कापड बदलावे लागणे, गाठी पडणे, या तीन गोष्टी तोंडी विचाराव्यात. असृग्दराचे कारण शोधल्याशिवाय केवळ लोहकल्प देत राहणे म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणे होय.

चौथी स्लाइड कृमींची. पहिल्या आवृत्तीत आतड्याला चिकटलेला अंकुशकृमी पडदाभर मोठा काढला होता. एका आजींनी ‘एवढा साप आमच्या पोटात कधी निघाला नाही’ असे म्हणून विषयच संपविला. त्यांचे म्हणणे योग्यच होते. हा कृमी जेमतेम एक सेंटीमीटर लांब असतो. नव्या चित्रात तळहातावर तांदळाचा दाणा आणि त्याच्या शेजारी त्याहून किंचित लांब, दोऱ्यासारखा कृमी आहे. बाजूला ओल्या मातीत अनवाणी चालणारी स्त्री आणि चपला घातलेली स्त्री. कृमी पायाच्या त्वचेतून शिरतो, हे वाक्य मात्र तोंडीच सांगावे लागते. बाण काढून ते कळत नाही. बाणाला कोणी काठी म्हणाले, कोणी पक्षी. याच वेळी माती, भाजलेली ढेकळे, कच्चे तांदूळ खाण्याविषयी विचारावे. मृद्भक्षणजन्य पांडू आपल्या ग्रंथांत स्वतंत्र सांगितला आहे. आज आपण जाणतो की अशी इच्छा अनेकदा लोहाच्या कमतरतेचेच लक्षण असते. रागावून विचारल्यास कोणीही कबूल करीत नाही.

पाचवी, आहाराची स्लाइड माझ्या मते सर्वांत जास्त बिघडलेली असते. बीट, डाळिंब, सफरचंद, टोमॅटो : लाल ते रक्त, ही समजूत वैद्यही नकळत पसरवतात. या फळांत लोह फार थोडे, आणि वाडीवरची स्त्री डाळिंब विकत घेत नाही. त्या जागी शेवग्याचा पाला, मटकी आणि कुळीथ, अहाळीव, सुका जवळा, आणि शेजारी लिंबाची फोड किंवा आवळा असे ताट काढले. मासे-मांसातील लोह सहज शोषले जाते. पालेभाजी-कडधान्यातील लोहाला आंबटाची जोड लागते, म्हणून लिंबू ताटातच दाखवावे, वेगळे नव्हे. चित्रकाराने एकदा चांदीचे ताट आणि तुपाची वाटी काढून दिली. ‘हे लग्नातले जेवण’ असे उत्तर आले. ॲल्युमिनियमचे टोप घरोघरी आल्यापासून मागे पडलेली लोखंडी कढईही चित्रात आहे. कोकम किंवा चिंच घातलेली भाजी तीत शिजली की थोडे लोह उतरते, मात्र शिजल्यावर ती दुसऱ्या भांड्यात काढावी.

सहाव्या स्लाइडवर गोळी आणि चहा. चहाच्या पेल्यावर लाल फुली मारली होती. दोघींना त्या पेल्यावर ठेवलेल्या काड्या वाटल्या, एकीला चहा कायमचा बंद असे वाटले. चहा बंद करायचा नसून तो जेवणापासून व गोळीपासून दूर न्यायचा आहे. आता दोन चित्रे आहेत : जेवताना पुढे आलेला चहा हाताने बाजूला सारणारी स्त्री, आणि नंतर ओट्यावर बसून चहा पिणारी तीच स्त्री, त्याच साडीत. साडीचा रंग बदलला की ती दुसरी बाई होते. गोळीचे चित्र चंद्राखाली, जेवणानंतर तासाभराने, पाण्यासह. मळ काळा होईल, घाबरू नये, हे त्याच स्लाइडवर सांगावे. पहिल्या आठवड्यात गोळ्या सोडण्याचे ते एक मोठे कारण आहे. २०१८ पासूनच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गर्भिणीस ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी रोज, १८० दिवस दिली जाते; प्रसूतीनंतरही तितकेच दिवस. कॅल्शियमची गोळी याच वेळी घेऊ नये.

औषधी दुकानदार बंधूंना येथे एक विनंती. या स्लाइडवर कोणत्याही कल्पाच्या डबीचे चित्र देऊ नये. नवायस लोह, पुनर्नवा मंडूर, धात्री लोह हे आपले कल्प वैद्याने रुग्णा पाहून द्यावेत. पडद्यावर डबी दिसली की सरकारी लाल गोळी कोपऱ्यात पडते आणि डबी परवडली नाही की दोन्ही थांबतात. लोहकल्प व लाल गोळी एकत्र चालू असतील तर ते वैद्याला ठाऊक असले पाहिजे.

सातवी स्लाइड रुग्णालयाची. अधिक चिन्ह असलेली पांढरी इमारत कोणीच ओळखली नाही. त्या गावाच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे, फाटक व पुढच्या झाडासह, छायाचित्र लावले आणि त्यात तिथल्या आशाताईंना उभे केले. प्रत्येक गावासाठी ही एक स्लाइड बदलावी लागते.

या स्लाइडचे महत्त्व एका रुग्णेवरून सांगतो. वय सुमारे तीस, तीन मुले, गर्भ नाही. शिबिरात तिने पहिल्या चित्राकडे बोट दाखवून ‘ही मी’ असे म्हटले. दोरीवरच्या घड्यांपैकी बारावाली तिची. पाळी आठ-नऊ दिवस. दिवसातून चार वेळा चहा, त्यातला दोनदा भाकरीबरोबर. कच्चे तांदूळ खाण्याची सवय. पापण्या फिक्या, पायावर किंचित सूज. हिमोग्लोबिन ७.४. गर्भिणी नसलेल्या स्त्रीत १२ च्या खाली रक्तक्षय आणि ८ च्या खाली तीव्र रक्तक्षय. गर्भिणीत ह्याच मर्यादा ११ आणि ७. म्हणजे ही शिबिरात पुडी देऊन घरी पाठविण्याची रुग्णा नव्हती. तिला त्याच दिवशी आशाताईंसोबत चिठ्ठी देऊन धाडले.

चिठ्ठीत संपूर्ण रक्तगणना, सिकल सेलची चाचणी आणि पाळीच्या कारणाचा शोध, या तीन गोष्टी लिहिल्या. आदिवासी वाड्यांवर सिकल सेल लक्षात ठेवावाच लागतो. त्याचप्रमाणे उल्हासनगर-कल्याण पट्ट्यातील सिंधी कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक अधिक असतात. तेथे लाल पेशी लहान असूनही लोह पुरेसे असू शकते आणि महिनोन्‌महिने लोह देणे व्यर्थ, कधी अपायकारक ठरते. या रुग्णेत सिकल सेल नव्हता. लोहाची कमतरता ठरली, गोळ्या सुरू झाल्या, जंतनाशक दिले गेले आणि पाळीचे उपचार स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चालू झाले. महिन्याने हिमोग्लोबिन ८.९ आले. महिन्यात किमान १ ग्रॅमची वाढ झाली नाही तर गोळी खरोखर पोटात जाते का, रक्त अजून जाते का, निदान चुकले का, असे याच क्रमाने पाहावे.

पुढे आकडा १२ च्या वर गेल्यावरही लोहाचे साठे भरण्यासाठी काही महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागल्या. ‘बरे वाटते’ म्हणून ती तिसऱ्या महिन्यात थांबली होती. यासाठी चित्र अजून जमलेले नाही. भरलेली कणगी काढून पाहिली, तर स्त्रियांनी भाताचा भाव विचारला. सध्या ही गोष्ट आशाताई घरी जाऊन तोंडीच सांगतात.