घड्याळाचं मागचं झाकण फिरत नाही

प्रश्न : वडिलांनी आखातातून आणलेल्या सेको ५ घड्याळाचं मागचं झाकण उघडायचंय. रबरी चेंडूने फिरेल का? – एक वाचक, उदगीर

उत्तर : फिरेल, पण झाकण बेताचंच आवळलेलं असेल तर. चेंडूची पकड फक्त घर्षणाची, त्यामुळे आधी झाकणावरचा तेलकट थर स्पिरिटने पुसा. पंखा बंद करा, धूळ नको. हवा थोडी कमी असलेला चेंडू झाकणावर दाबून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. दोन-तीनदा जोर लावूनही हललं नाही, तर थांबा. वर्षानुवर्षांचा घाम आट्यांत सुकून झाकण जाम झालेलं असतं, तिथे चेंडूचं काही चालत नाही.

मग केस ओपनर. तुमच्या झाकणाच्या कडेला खाचा दिसतील. त्यातला मळ टूथपिकने काढा, ओपनरची टोकं समोरासमोरच्या खाचांत घट्ट बसवा. घड्याळ होल्डरमध्ये पकडा, हातात नव्हे. फिरवताना ओपनर खाली दाबलेला हवा. जोर तिरका गेला की टोक निसटतं आणि झाकणावर ओरखडा उमटतो. पहिला झटका बसला की पुढे झाकण बोटानेही सुटतं.

बंद करताना रबरी रिंग चपटी किंवा चिकट झालेली दिसली तर बदलाच. बसवताना मात्र चेंडू उत्तम, कारण त्याने आटे गरजेपेक्षा जास्त आवळले जात नाहीत.