तापमान वाढलं, म्हणजे बीज आधीच बाहेर पडलं

प्रश्न : माझं वय २९. आम्ही गेले काही महिने बाळासाठी प्रयत्न करत आहोत. माझी पाळी २८ ते ३० दिवसांनी येते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी रोज पहाटे थर्मामीटर लावून तापमान वहीत लिहिते. ज्या दिवशी ते वाढलेलं दिसतं, त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस आम्ही संबंध ठेवतो. मागच्या महिन्यात ते १६व्या दिवशी वाढलं होतं. मोजण्यात माझं काही चुकत असेल का? आकडे सोबत पाठवले आहेत. (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमचं मोजणं चांगलं आहे. आकडे वाचताना अडचण जाणवली नाही, आणि त्यांतून तुमचं स्त्रीबीज दर महिन्याला बाहेर पडत असावं असं दिसतं. चूक आहे ती दिवस निवडण्यात. ज्या दिवशी तुम्ही सुरुवात करता, त्या दिवसापर्यंत बीजाचं आयुष्य बहुतेक वेळा संपलेलं असतं.

तापमान मुळात वाढतं कशामुळे, ते आधी पाहू. पाळी सुरू झाल्यापासून अंडाशयात एक बीजपुटिका वाढत असते. या काळात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचं राज्य असतं आणि शरीराचं विश्रांतीतलं तापमान थोडं खाली राहतं. पुटिका फुटते, बीज बाहेर पडून गर्भनलिकेत जातं आणि मागे उरलेल्या पुटिकेचा पिवळसर पिंड होतो. त्याला पीतपिंड म्हणतात. हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन तयार करू लागतो. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन पुरेसं वाढलं की ते मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रावर परिणाम करतं आणि शरीर अर्धा ते एक अंश फॅरनहाइट जास्त तापमानावर स्थिरावतं. क्रम लक्षात घ्या: आधी बीज बाहेर पडतं, मग पीतपिंड तयार होतो, मग प्रोजेस्टेरॉन साठत जातं आणि त्यानंतर थर्मामीटरवरचा आकडा हलतो. यात साधारण एक-दोन दिवस जातात, कधी आणखी जास्त. बीज मात्र बाहेर पडल्यावर १२ ते २४ तासच फलनक्षम राहतं.

आता तुमचे मागच्या महिन्याचे आकडे पाहू. पाळी सुरू झाली तो पहिला दिवस धरला, तर १०व्या ते १५व्या दिवसापर्यंत तुमचं तापमान ९७.३, ९७.२, ९७.४, ९७.२, ९७.३ आणि ९७.० असं होतं. १६व्या दिवशी ते ९७.७ झालं, १७व्या दिवशी ९७.८ आणि १८व्या दिवशी ९८.०. पुढे पाळी येईपर्यंत ते ९७.८च्या आसपास किंवा वरच राहिलं आणि २९व्या दिवशी पाळी आली.

हा तक्ता वाचायचा एक जुना, सोपा नियम आहे. सलग तीन दिवसांची तापमानं त्याआधीच्या सहा दिवसांतल्या सर्वात मोठ्या आकड्यापेक्षा जास्त हवीत आणि तिसऱ्या दिवसाचं निदान ०.४ अंश फॅरनहाइटने जास्त हवं. तुमच्या आधीच्या सहा दिवसांतला सर्वात मोठा आकडा ९७.४. पुढचे तिन्ही आकडे त्याच्या वर आहेत आणि तिसरा ०.६ने वर आहे. म्हणजे नियम पूर्ण झाला. पण तो पूर्ण झाला १८व्या दिवशी सकाळी. बीज बाहेर पडलं असावं १४व्या किंवा १५व्या दिवशी. तुम्ही १६, १७ आणि १८ या तीन दिवशी संबंध ठेवलेत. यातले शेवटचे दोन दिवस गर्भधारणेच्या दृष्टीने जवळपास नक्कीच उशिराचे होते आणि पहिलाही बहुधा उशिराचाच.

मग योग्य दिवस कोणते? याचं चांगलं उत्तर १९९५ साली अमेरिकेतल्या ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून मिळालं. नॉर्थ कॅरोलायनातल्या, गर्भधारणेची इच्छा असलेल्या २२१ स्त्रियांनी रोज लघवीचे नमुने दिले आणि संबंध कधी आले याची नोंद ठेवली. नमुन्यांतल्या संप्रेरकांवरून बीज बाहेर पडण्याचा दिवस ठरवला गेला. ज्या गर्भधारणा झाल्या, त्या सगळ्या एका सहा दिवसांच्या पट्ट्यातल्या संबंधांमुळे झाल्या होत्या: बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस. त्या दिवसानंतरच्या संबंधांमुळे झालेली गर्भधारणा त्यांना आढळली नाही. आधीचे दिवस उपयोगी ठरण्याचं कारण शुक्रजंतूंच्या आयुष्यात आहे. अनुकूल स्राव असेल तर ते स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. बीज यायच्या वेळी ते गर्भनलिकेत आधीच हजर असणं हीच सगळ्यात चांगली स्थिती.

हा पट्टा तुमच्या तक्त्यावर बसवला, तर मागच्या महिन्यातले उपयोगाचे दिवस साधारण १०व्या ते १५व्या दिवसापर्यंतचे होते. वहीत ते दिवस साध्या, खालच्या आकड्यांचे दिसतात. त्या आकड्यांत ‘आता’ असं सांगणारं काहीच नाही.

इथे तुम्ही कदाचित विचाराल की १५व्या दिवशी ९७.०पर्यंत जी घट झाली, ती खूण नव्हती का? वाढीच्या आदल्या दिवशी तापमान उतरतं, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आढळतं. काही तक्त्यांत तशी घट दिसतेही, पण अनेकांत दिसत नाही. शिवाय तुमच्याच वहीत ७व्या दिवशीसुद्धा ९७.० लिहिलेलं आहे आणि त्यानंतर तापमान वाढलेलं नाही. त्या सकाळी दोन्ही आकडे सारखेच दिसतात. कोणती घट खरी होती, हे पुढचे तीन दिवस पाहिल्यावरच कळतं. तेव्हा घटीची वाट पाहत बसू नका.

या पद्धतीचा उगम पाहिला, तर ही अडचण का येते ते कळतं. १९३०च्या दशकात जर्मनीतले कॅथलिक धर्मगुरू विल्हेल्म हिलेब्रांड यांनी तापमानाची नोंद वापरात आणली ती गर्भधारणा टाळण्यासाठी. त्या कामाला ती जुळते, कारण तिथे ‘बीज येऊन गेलं’ एवढंच कळायला हवं असतं. तुम्हाला हवं आहे ‘बीज येणार आहे’ हे, आणि ते या तक्त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

जुन्या महिन्यांवरून पुढच्या महिन्याचा अंदाज मात्र बांधता येतो. तुम्ही आकडे पाठवलेल्या तिन्ही महिन्यांत तापमान १५व्या ते १७व्या दिवसांदरम्यान वाढलं आहे. सर्वात लवकरची वाढ १५व्या दिवशी धरली, तर बीज १३व्या-१४व्या दिवशी आलं असेल आणि उपयोगाचा पट्टा ८व्या-९व्या दिवसापासून सुरू झाला असेल. पण पाळीचा पहिला भाग, म्हणजे बीज पिकण्याचा काळ, महिन्यागणिक लांबतो-आखडतो. आजारपण, प्रवास, जागरण यांनी तो सहज चार-पाच दिवस पुढे जाऊ शकतो. मोबाइलवरची ॲप केवळ पाळीच्या तारखांवरून जो दिवस दाखवतात, त्यावर विसंबू नये, याचं कारणही हेच.

बीज यायच्या आधीच काही सांगणाऱ्या खुणा दोन आहेत. पहिली अंगावरून जाणाऱ्या स्रावाची. बीज यायच्या आधीचे काही दिवस तो पातळ, निसरडा, पारदर्शक होतो आणि कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा ताणला जातो. असा स्राव दिसू लागला की ते दिवस महत्त्वाचे. दुसरी औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या लघवीच्या पट्टीची. ल्युटिनायझिंग हॉर्मोनची उसळी तिच्यावर दिसली की साधारण पुढच्या एक-दीड दिवसात बीज येण्याची शक्यता असते. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये या हॉर्मोनची पातळी एरवीही जास्त असू शकते, त्यामुळे त्यांना ही पट्टी फसवू शकते.

तुमच्यासाठी मी इतकंच सुचवेन: ८व्या-९व्या दिवसापासून एक दिवसाआड संबंध ठेवा आणि तापमान सलग तीन दिवस चढं दिसेपर्यंत ते चालू ठेवा. तक्त्याचा उपयोग शेवटची रेघ ओढण्यासाठी करा. दिवस मोजून जवळ येण्याचा ताण दोघांनाही जाणवत असेल, तर पट्ट्या आणि वही दोन्ही बाजूला ठेवून महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणंही पुरेसं आहे. डॉक्टरही सर्वसाधारणपणे हेच सांगतात.

मोजणं चालू ठेवणार असाल, तर आकडे कशाने बिघडतात तेही सांगते. तापमान डोळे उघडताच, अंथरुणातून उठण्याआधी, निदान तीन तासांच्या सलग झोपेनंतर आणि रोज साधारण एकाच वेळी घ्यायचं. तोंडात घेत असाल तर रोज तोंडातच. रात्रपाळी, ताप, आदल्या रात्री घेतलेलं मद्य किंवा पॅरासिटामॉलची गोळी यांनी आकडा वर-खाली होतो. अशा दिवशी शेजारी कारण लिहा आणि नियम लावताना तो आकडा सोडून द्या. नुसत्या एका उंच आकड्यावरून काही ठरवू नका.

तक्ता चांगला असूनही काय सांगत नाही, हेही जाणून घ्या. तापमानाची वाढ प्रोजेस्टेरॉन तयार झाल्याचं सांगते. क्वचित पुटिका न फुटताच तिचं पीतपिंडात रूपांतर होतं. अशा वेळी बीज बाहेर आलेलं नसतं, तरी तापमान वाढतं. गर्भनलिका मोकळ्या आहेत का, पतीचे शुक्रजंतू पुरेसे आहेत का, याबद्दल तर या वहीत एक अक्षरही नसतं. म्हणूनच वंध्यत्वाच्या तपासणीत डॉक्टर या तक्त्यावर भर देत नाहीत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही त्याची शिफारस नाही. बीज येतं की नाही हे पाहायचं असेल, तर पाळी येण्याच्या साधारण सात दिवस आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासतात. २८ दिवसांच्या पाळीत तो २१वा दिवस येतो, तुमच्या मागच्या महिन्यातही तो २१वाच आला असता. पुटिका प्रत्यक्ष वाढताना आणि फुटताना पाहायची, तर सोनोग्राफी करतात.

एक चांगली बातमीही ही वही देऊ शकते. गर्भ राहिला तर पीतपिंड टिकतो आणि तापमान उतरत नाही. पाळी न येता ते सलग १८ दिवस चढंच राहिलं, तर लघवीची गर्भचाचणी जरूर करा.

तुमचं वय ३५च्या आत आहे, त्यामुळे योग्य दिवसांत नियमित संबंध ठेवून वर्षभर वाट पाहायला हरकत नाही. वय ३५च्या पुढे असतं, तर मी सहा महिनेच म्हटलं असतं. पाळी अनियमित असेल, पाळीत असह्य दुखत असेल किंवा पूर्वी ओटीपोटाचा जंतुसंसर्ग झाला असेल, तर एवढंही थांबू नका. डॉक्टरांकडे जाल तेव्हा दोघंही जा आणि तुमच्या रक्ततपासण्यांच्या रांगेत पतीची वीर्यतपासणी शेवटी ढकलू नका. ती साधी, स्वस्त आणि पहिल्याच भेटीत करून घ्यायची तपासणी आहे.