विरजण

आषाढ लागला की मावळात ऊन दिसेनासे होते. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर तर पावसाची झड दिवसेंदिवस हटत नाही. भिंती ओलावतात, अंथरुणे गार पडतात आणि रात्री हवा २०-२२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. अशा दिवसांत तेथील गृहिणींची एक तक्रार ठरलेली असते : दही लागत नाही. दूध त्याच म्हशीचे, भांडे तेच, विरजणही तेवढेच. वैशाखात रात्री लावलेले दही सकाळी सुरीने कापावे इतके घट्ट होते. आषाढात मात्र झाकण काढावे, तो आत दूध जवळजवळ जसेच्या तसे. मग बिघडते कोठे?

दूध एकजीव दिसते, पण तसे ते नसते. त्याच्या पाण्यात स्निग्धांशाचे थेंब आणि केसीन नावाच्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. या प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून हे कण परस्परांना चिकटत नाहीत आणि दूध पातळ राहते. हा भार नाहीसा झाला, तरच कण एकत्र येतील. तो नाहीसा करण्याचे काम आम्ल करते.

हे आम्ल दुधात बाहेरून ओतावे लागत नाही; ते दुधातच तयार होते. आंबलेल्या दुधातून ते शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० साली वेगळे केले. दुधात आढळले म्हणून त्याला दुग्धाम्ल म्हणतात. पण ते निर्माण कोण करतो, याचा उलगडा पुढे लुई पाश्चरने १८५७ साली केला. हे काम सूक्ष्म जीवांचे आहे. चमचाभर विरजणात असे कोट्यवधी जिवाणू असतात. दुधातील साखर हे त्यांचे अन्न. ती खाऊन ते दुग्धाम्ल बाहेर टाकतात, आणि वाढत वाढत साऱ्या भांड्यात पसरतात.

ताज्या दुधाचा सामू सुमारे ६.६ असतो. आम्ल वाढू लागले की तो उतरू लागतो. तो ४.६ च्या जवळ आला की केसीनच्या कणांवरील भार जवळजवळ शून्य होतो. मग कण कणाला चिकटतो, त्यांच्या साखळ्या होतात आणि साखळ्यांचे जाळे विणले जाते. पाणी व स्निग्धांश त्या जाळ्यात अडकून पडतात. हेच दही! जाळे विणले जात असताना भांडे हलविले तर ते तुटते. म्हणूनच आजी विरजलेल्या भांड्याला कोणाला हात लावू देत नाही.

गरम दुधात लिंबू पिळले, तरी आम्लानेच कण गोळा होतात. परंतु तेथे आम्ल एकदम येते, जाळे विणायला सवड मिळत नाही, आणि दूध फाटून चोथा व पाणी वेगळे होते.

आता आषाढाकडे वळू. विरजणातील जिवाणूंना सुमारे ४० अंशांची ऊब मानवते. तेवढी ऊब टिकली तर पाच-सहा तासांत दही लागते. पण पावसाळी रात्री कोमट दूध लवकरच गार होते आणि जिवाणूंचे काम मंदावते. यावर काही जणी दुप्पट विरजण घालतात. त्याने दही लागले तरी आंबट व सैल होते. त्यापेक्षा भांडे गोधडीत गुंडाळावे, चुलीच्या वैलाशेजारी ठेवावे, किंवा भाताच्या तुसाने भरलेल्या पाटीत रोवावे. तूस ऊब बाहेर जाऊ देत नाही.

उलट चूकही होते. घाईने उकळत्या दुधात विरजण घातले, तर जिवाणू मरून जातात. दूध आधी तापवावे हे खरे; त्याने नको असलेले जंतू मरतात आणि दुधातील इतर प्रथिने केसीनला चिकटून दही अधिक घट्ट होते. परंतु विरजण घालण्यापूर्वी दूध करंगळीला सोसेल इतके निवले पाहिजे.

सकाळी दही लागलेले नसेल, तर चूक कोणती झाली हे चवीवरून कळते. दूध किंचित आंबूस झाले असेल, तर जिवाणू जिवंत आहेत. भांड्याला ऊब द्यावी, दुपारपर्यंत दही लागेल. दूध गोडच असेल, तर बहुधा विरजण मेलेले आहे, नवे घालावे. पण वास वाईट येत असेल किंवा दुधाला तार सुटत असेल, तर दुसऱ्याच जंतूंनी ते नासविले आहे. ते चाखू नये, टाकून द्यावे.

दही लागल्यावर ऊब नकोशी होते. जिवाणू आम्ल करीतच राहतात, जाळे आक्रसते, आणि वर निवळी सुटून दही आंबट ढाण होते. म्हणून लागलेले दही गार जागी हलवावे. आणि मावळातल्या आषाढात ती शोधावी लागत नाही.